दृश्य एआयचं, खुर्ची तिचीच: व्हीलचेअर, श्रवणयंत्र किंवा कृत्रिम पाय न बिघडवता खऱ्या माणसाचा फोटो नव्या दृश्यात कसा बसवायचा

कार्यक्रमाचं पोस्टर असो, निमंत्रणपत्रिका असो किंवा संस्थेचा अहवाल, खऱ्या माणसाच्या फोटोमागे एआयने तयार केलेलं दृश्य लावणं आता सर्रास झालं आहे. चेहरा बहुतेक वेळा बरा येतो, कारण सगळ्यांचं लक्ष चेहऱ्याकडे असतं. बिघडतं ते अंगाला लागून असलेलं साधन. व्हीलचेअरला नसलेले हात फुटतात, मागे ढकलायच्या मुठी येतात, कानामागचं यंत्र केसांत विरघळून जातं, कृत्रिम पायाच्या जागी हाडामांसाचा पाय उगवतो. त्या माणसाला हे पहिल्या नजरेत दिसतं. आपल्याला दिसत नाही, म्हणून चुकीचं चित्र तसंच छापायला जातं.

मी नाशिकमध्ये छपाईचं डिझाइन करते. गोदाकाठच्या पाडवा पहाटेच्या एका पोस्टरचं उदाहरण धरून सगळी पद्धत सांगते. गायिका व्हीलचेअर वापरतात. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तसंच लिहिते. पोस्टर मंडप उभा राहायच्या आधी हवं होतं, त्यामुळे खरा मंच, खरे दिवे, खरी पहाट यांचा फोटो मिळणं शक्य नव्हतं. दृश्य तयार करावंच लागणार होतं. मात्र ताई आणि त्यांची खुर्ची तयार करायची नव्हती, आणि पुढचं सगळं काम या एका फरकावर चालतं.

काय काय लागेल

- माणसाची लेखी परवानगी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्पष्ट मेसेज चालतो, पण फोटो कुठे कुठे वापरणार आणि मागचं दृश्य तयार केलेलं असणार, हे त्यात यायला हवं.
- मोबाइलचा चांगला कॅमेरा किंवा साधा डीएसएलआर, आणि उंची बदलता येणारा ट्रायपॉड.
- मोजपट्टी.
- लेयर आणि मास्क असलेला प्रोग्रॅम. GIMP फुकट आहे आणि पुरतो. Photoshop असेल तर तेही चालेल.
- दृश्य तयार करणारं कोणतंही एआय अ‍ॅप. कुठलं, याला फारसं महत्त्व नाही. ते का, हे दुसऱ्या पायरीत कळेल.
- साधनाचे जवळून काढलेले चार-पाच फोटो. हे चित्रात वापरायचे नसतात, शेवटी ताडून बघायला लागतात.

1. आधी साधन नीट पाहा आणि लिहून घ्या

व्हीलचेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली घडीची खुर्ची येते. क्रोमचे नळ, काळं रेक्झिन, दोन्ही बाजूंना हात, मागे मुठी, खाली गुणाकाराच्या चिन्हासारखी नळ्यांची कात्री. एआयही हीच खुर्ची काढतं. रोज स्वतः खुर्ची चालवणाऱ्या माणसाची खुर्ची बहुतेक वेळा वेगळी असते.

ताईंच्या खुर्चीबद्दल मी हे लिहून घेतलं: घडी न होणारी चौकट, मागची चाकं 24 इंची, वरच्या बाजूला किंचित आत कललेली. पुढची चाकं छोटी, 5 इंची. हात नाहीत, त्या जागी चाकापासून कपडे वाचवणारे मरून रंगाचे दोन पातळ पत्रे. पाठ कमरेच्या जरा वरपर्यंतच. मागे मुठी नाहीत. दोन्ही पावलांना मिळून एकच पायदान. टायरच्या बाहेरच्या अंगाला हाताने ढकलायची कडी.

या यादीतला प्रत्येक शब्द ताईंना विचारून लिहिला होता. मुठी नसणं ही अपघाताने झालेली गोष्ट नाही. कुणी न विचारता मागून ढकलू नये, म्हणून त्यांनी मुठी नसलेली खुर्ची निवडली आहे. चित्रात मुठी आल्या तर त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दलच खोटं सांगितल्यासारखं होतं. म्हणून साधनात काय आहे याच्याबरोबर काय नाही तेही लिहा. एआय सगळ्यात जास्त चुका त्या 'नाही'च्या यादीतच करतं.

याच बैठकीत आणखी एक विचारून घ्या: खुर्ची पूर्ण दिसलेली आवडेल, की फोटो कमरेपासून वर हवा? ते ठरवायचा हक्क त्यांचा. डिझाइनरने परस्पर खुर्ची कापून टाकणंही चूक, आणि विषय 'प्रेरणादायी' दिसावा म्हणून ती मुद्दाम पुढे आणणंही चूक.

2. एआय नेमकं कुठे चुकतं ते समजून घ्या

हे थोडं आकड्यांत सांगते, कारण एकदा हिशेब कळला की पुढच्या पायऱ्या पाठ करायला लागत नाहीत.

Stable Diffusion सारखी अनेक मॉडेल्स चित्रावर थेट काम करत नाहीत. आधी चित्र आकसून घेतात. आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनाची जागा एक छोटा ठिपका घेतो, त्या ठिपक्यांवर काम होतं आणि मग पुन्हा चित्र फुलवलं जातं. आता आपलं माप लावा. खुर्चीत बसलेली ताई, जमिनीपासून डोक्यापर्यंत, साधारण 130 सेंटिमीटर. चित्रात तिला 900 पिक्सेलची उंची मिळाली, तर एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर. चाकाचा स्पोक साधारण 2 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे जेमतेम दीड पिक्सेल. आणि यंत्राचा एक ठिपका व्यापतो सुमारे साडेअकरा मिलिमीटर. त्या एका ठिपक्यात स्पोक, त्यामागचा अंधार आणि कडीचा तुकडा सगळं मिसळून जातं. फुलवताना यंत्र आठवणीतून 'चाकासारखं काहीतरी' भरतं. स्पोक मध्येच तुटतात, दोनाचा एक होतो, कडी टायरला चिकटते.

श्रवणयंत्राची बारीक तार याहून नाजूक. पूर्ण माणूस दिसणाऱ्या चित्रात ती टिकणं अशक्यच.

म्हणून प्रॉम्प्ट कितीही नेमका लिहिला तरी खुर्ची अचूक येणार नाही. ज्या अ‍ॅपमध्ये फोटो चढवून 'मला घाटावर बसव' म्हटलं की काम होतं, ते अ‍ॅप माणसाला नव्याने काढतं आणि खुर्चीलाही. अशा अ‍ॅपचा उपयोग फक्त रिकामं दृश्य मिळवायला करा. माणूस आणि त्याचं साधन यांचे मूळ पिक्सेल शेवटपर्यंत जसेच्या तसे राहिले पाहिजेत.

3. फोटो काढतानाच अर्धं काम होतं

ताईंचा फोटो आम्ही त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढला, सकाळी, उन्हाची तिरीप थेट अंगावर येत नसताना. जागा निवडताना तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, मागची भिंत एकसारखी, फिकट राखाडी. चाकाच्या स्पोकमधून मागचं सगळं दिसतं. मागे स्कूटर, कुंड्या, नळ असं काही असेल तर ते कापताना जीव जातो.

दुसरी, कॅमेऱ्याची उंची. ही गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित. आपण उभं राहून फोटो काढतो, त्यामुळे खुर्चीतला माणूस वरून पाहिल्यासारखा येतो, आणि समोरून पाहिलेल्या दृश्यात बसवला की खुर्ची पुढे घसरत असल्यासारखी दिसते. ताईंच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली, ती 115 सेंटिमीटर भरली. ट्रायपॉडवर लेन्स तेवढीच ठेवली, कॅमेरा वर-खाली न झुकवता. आता नियम सोपा झाला: नव्या दृश्यात क्षितिजाची रेषा ताईंच्या डोळ्यांतून गेली पाहिजे. सपाट जमिनीवर त्याच दृश्यात उभी असलेली माणसं, जवळची असोत वा लांबची, त्यांना ही रेषा छातीच्या आसपास छेदेल. पाचव्या-सातव्या पायरीत याचाच आधार घ्यायचा आहे.

तिसरी, जमीन. पार्किंगची फरशी सपाट आणि मळकट राखाडी होती. चाकांखालची साधारण हातभर जमीन, तिच्यावरच्या खऱ्या सावलीसकट, मी चित्रात ठेवणार होते. चाक जमिनीला टेकतं तिथली बारीक काळी रेघ हाताने काढणं अवघड आणि यंत्राकडून काढून घेणं त्याहून अवघड. ती फुकट मिळत असताना सोडू नका.

पुढची छोटी चाकं कशी उभी आहेत तेही पाहा. खुर्ची पुढे नेऊन थांबवली की ती आपल्या खुंटीच्या मागे वळलेली असतात. जरा मागे घेतली की गर्रकन फिरून पुढे येतात, आणि खुर्चीचा टेकू पुढे लांबतो. पुढे वाकून काही घ्यायचं असलं की ताई आधी खुर्ची वीतभर मागे घेतात ती याचसाठी. फोटोत छोटी चाकं पुढे आलेली होती. एका मदतनीस मुलाने ती 'सरळ' करायला हात घातला, मी थांबवलं. बसणाऱ्या माणसाने खुर्ची जशी उभी केली तशीच राहू द्या.

साडी नेसलेली असेल तर पदर आणि निऱ्या कुठे आहेत ते बघून घ्या. ताई पदर खोचून बसतात आणि निऱ्या मरून पत्र्यांच्या आत घेतात, नाहीतर चालत्या चाकात कापड जातं. यंत्राला मोकळा, वाहता पदर फार आवडतो. ते तो थेट चाकावर सोडतं. खुर्ची वापरणाऱ्या कुणालाही ते पाहून धस्स होईल.

4. मास्क: माणूस आणि खुर्ची एकच समजा

मास्क म्हणजे कोणता भाग जपायचा आणि कोणता बदलायचा याचा काळा-पांढरा नकाशा. पार्श्वभूमी आपोआप काढणारी साधनं इथे हमखास फसतात. त्यांना माणूस ओळखता येतो, पण खुर्ची ही 'सामान' वाटते. पायदान कापलं जातं, छोटी चाकं अर्धी उरतात आणि मोठ्या चाकाच्या आतला भाग एकतर पूर्ण भरीव होतो किंवा पूर्ण पोकळ. आपोआप निघालेला मास्क सुरुवात म्हणून घ्या आणि मग 200 टक्के मोठं करून हाताने दुरुस्त करा.

चाक असं करा. आधी टायर, कडी आणि मधला हब यांच्या कडा Paths वापरून आखा. मग एकेका स्पोकवर दोन बिंदूंची सरळ रेघ टाका आणि ती मास्कमध्ये पांढऱ्याने 3 पिक्सेल जाड भरा. स्पोक सरळ असतात, त्यामुळे हे वाटतं त्यापेक्षा लवकर होतं. मात्र अंदाजाने काढू नका. बऱ्याच चाकांत स्पोक हबच्या मध्यातून फुटत नाहीत, हबच्या कडेने तिरपे निघून एकमेकांना ओलांडतात. मूळ फोटोवरच रेघ टाका.

भिंत फिकट आणि स्पोक गडद असतील तर आणखी सोपी वाट आहे: चाकापुरतं रंगावरून निवडून भिंतीचा राखाडी वजा करा.

हाताची बोटं कडीवर असतील तर तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अंगठा आणि कडी यांच्यामधल्या फटीत जुनी भिंत राहिली, तर नव्या दृश्यात ती चमकते.

5. दृश्य रिकामं तयार करा, आणि घाट नाशिकचाच ठेवा

दृश्यासाठी लिहिलेल्या वर्णनात व्हीलचेअर हा शब्द घालू नका. घातला की यंत्र आणखी एक खुर्ची काढून देतं, आणि बहुतेक वेळा तिच्यामागे ढकलणारा कुणीतरी उभा असतो. वर्णनात फक्त जागा, वेळ, उजेड आणि कॅमेऱ्याची उंची लिहा.

गोदाघाट म्हणून जे येतं ते नीट पाहा. 'नदीकाठचा घाट, पहाट' असं लिहिलं की यंत्र बनारस काढतं: उंच पायऱ्यांची रांग, होड्या, छत्र्या. आपल्याकडचा काळा दगड, रामकुंडाभोवतीची बुटकी देवळं, नारोशंकराच्या देवळाचा तट, यातलं काही येत नाही. मी म्हणून घाटाचा स्वतः काढलेला फोटो पाया म्हणून घेतला, लेन्स त्याच 115 सेंटिमीटरवर ठेवून. यंत्राकडून फक्त पहाटेचं आकाश, दिव्यांच्या माळा आणि लांबवर बसलेले श्रोते काढून घेतले. नाशिककराला आपला घाट ओळखता येतो. पोस्टर त्याच्यासाठीच असतं.

घाट म्हटलं की पायऱ्या आल्या. खुर्चीची चारही चाकं एकाच सपाट पातळीवर हवीत, आणि ती जागा चित्रात खुर्चीच्या रुंदीपेक्षा बरीच मोठी दिसली पाहिजे. दोन पायऱ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर खुर्ची बसवलेली चित्रं मी पाहिली आहेत. तिथे ती गेली कशी आणि उतरणार कशी?

इथेच एक प्रश्न आयोजकांना विचारून घ्या: मंचावर चढायला खरंच उतार असणार आहे का? यंत्राला सांगितलं तर ते सुंदर उतार काढून देतं. पण पोस्टरवर उतार पाहून एखादे व्हीलचेअर वापरणारे काका नातवाला घेऊन आले आणि प्रत्यक्षात फक्त पायऱ्या निघाल्या, तर त्यांना आपण फसवलं. आमच्या आयोजकांनी उतार करणार असल्याचं कळवल्यावरच मी तो चित्रात ठेवला.

6. एकत्र आणणं

तिन्ही फायली एकाच मापाच्या करा: दृश्य, ताईंचा फोटो आणि मास्क. मास्कमध्ये पांढरं म्हणजे ताईंचा फोटो, काळं म्हणजे दृश्य. GIMP मध्ये लेयर मास्कने हे होतं. ज्यांना आज्ञा टाइप करायला चालतं त्यांच्यासाठी ImageMagick ची एक ओळ पुरते:

```
magick ghat.png tai.png mask.png -composite final.png
```

जमिनीच्या जोडाला थोडी डागडुजी लागते. पार्किंगची फरशी आणि घाटाचा दगड जिथे भेटतात, तेवढ्याच पट्टीवर Inpaint, म्हणजे निवडलेला भागच नव्याने काढायची सोय, वापरा. पट्टी चाकांपासून किमान 20-30 पिक्सेल लांब ठेवा, `Mask blur` 4 च्या आसपास. काम झाल्यावर ताईंचा मूळ लेयर पुन्हा वरून ठेवा. हे विसरू नका, कारण मास्क लावलेला असला तरी पूर्ण चित्र एकदा आकसून फुलवलं गेलेलं असू शकतं. काही प्रोग्रॅम न बदलायचा भाग मूळ फोटोतून परत चिकटवतात, काही चिकटवत नाहीत.

आता सगळ्यात मोठा सापळा. जोड लपावा म्हणून अनेकजण शेवटी पूर्ण चित्र पुन्हा एकदा यंत्रातून काढतात, `Denoising strength` कमी ठेवून. 'थोडंसंच तर बदलतं' असं वाटतं. चेहरा खरंच फारसा बदलत नाही, पण चाकाचे स्पोक आणि कानातली तार यांना एवढंही झेपत नाही. उजेड जुळवायचा असेल तर ताईंच्या लेयरवर Curves आणि रंगाची ऊब वापरा. त्याने रंग बदलतो, आकार हलत नाही. पहाटेचा केशरी उजेड डावीकडून होता, म्हणून डाव्या गालावर, डाव्या खांद्यावर आणि डाव्या चाकाच्या कडीवर हलका केशरी लेयर मऊ ब्रशने लावला. धातूची कडी उजेड लगेच पकडते. चेहरा केशरी आणि कडी निळसर राहिली तर खुर्ची वेगळी चिकटवल्यासारखी दिसते.

तोच नियम `Upscale` ला आणि फोनमधल्या 'एन्हान्स'ला. दृश्य मोठं करायचं असेल तर एकत्र आणायच्या आधी फक्त दृश्य मोठं करा.

7. तपासणी

रंग बदलायच्या आधीची एक प्रत ठेवलेली असू द्या. तिच्यावर मूळ फोटोचा लेयर टाका आणि लेयरचा मोड `Difference` करा. जिथे काही बदललेलं नाही तिथे काळं दिसतं. ताई आणि खुर्ची यांचा पूर्ण आकार काळा दिसला पाहिजे. कुठे राखाडी धूसर दिसलं तर यंत्राने हात लावला आहे, तिथला मास्क तपासा.

मग माप. मागचं चाक ही तुमची मोजपट्टी. 24 इंच म्हणजे साधारण 61 सेंटिमीटर. त्याच अंतरावर 160 सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा असेल तर तो चाकाच्या अडीच ते पावणेतीन पट यायला हवा, नेमकं सांगायचं तर 2.6 पट. आमच्या पहिल्या दृश्यात बाजूला उभा असलेला तबलजी चाकाच्या साडेतीन पट होता, म्हणजे तब्बल सात फूट. ताई त्याच्यापुढे लहान मुलीएवढ्या दिसत होत्या. खुर्चीतला माणूस असा आक्रसून जाणं फार वेळा घडतं आणि चटकन लक्षात येत नाही, कारण बसलेला माणूस बुटका दिसणार हे आपण गृहीत धरलेलं असतं. तबलजीला लहान केलं, आणि क्षितिजाची रेषा त्याच्या छातीवर आल्याची खात्री केली.

शेवटी सावली. मऊ उजेडात चार ठिकाणी गडद टेकण दिसायला हवं, दोन मोठ्या आणि दोन छोट्या चाकांखाली. तीनच दिसली तर खुर्ची तरंगते.

आणि मागच्या गर्दीतला कुणाचा हात ताईंच्या पाठीवर किंवा खुर्चीवर आलेला नाही ना, तेही बघा.

8. श्रवणयंत्र असेल तर

सगळं वरचंच, फक्त दोन गोष्टी वेगळ्या.

चित्र आडवं उलटवू नका. मांडणीसाठी माणसाचं तोंड दुसरीकडे हवं म्हणून फ्लिप करणं ही डिझाइनरची रोजची सवय. एकाच कानात यंत्र असेल तर ते दुसऱ्या कानात जातं. दोन्ही कानांत असलं तरी अनेक यंत्रांवर उजव्यासाठी लाल आणि डाव्यासाठी निळी खूण असते, ती उलटी पडते. ज्यांच्या घरात श्रवणयंत्र आहे त्यांना हे रंग पाठ असतात.

दुसरी गोष्ट केसांची. कानाभोवतीच्या केसांच्या कडा सुधारण्यासाठी एआय वापरलं की ते कानामागचा उंचवटा आणि पारदर्शक नळी 'डाग' समजून पुसतं, किंवा तिथे ब्लूटूथचा ईअरफोन काढतं. केसांचा मास्क कानाच्या एक बोटभर अलीकडे थांबवा. कोक्लिअर इम्प्लांट असेल तर कानामागच्या भागापासून निघालेली तार आणि डोक्यावर चिकटलेली गोल चकती, दोन्ही मास्कच्या आत घ्या. सौंदर्य वाढवणारे फिल्टर ती चकती पहिल्यांदा उडवतात.

श्रवणयंत्र ठळक दिसायला हवं असेल तर पूर्ण माणसाऐवजी छातीपासून वरचा फोटो निवडा. छोट्या गोष्टीला पिक्सेल मिळाले तरच ती टिकते.

9. कृत्रिम पाय असेल तर

इथे यंत्र दोन टोकांना जातं. सांगितलं नाही तर पाय पूर्ववत करून टाकतं. 'कृत्रिम पाय' असं लिहिलं तर सिनेमातल्या यंत्रमानवाचा चकचकीत पाय किंवा धावपटूंची कार्बनची वळलेली पट्टी देतं. आपल्याकडे अनेकांच्या पायात जयपूर फूट असतो. 1968 मध्ये जयपूरला तयार झालेला हा पाय रबरी, कातडीच्या रंगाचा, पावलासारखाच दिसणारा. अनवाणी चालता यावं, उकिडवं आणि मांडी घालून बसता यावं, हा विचार त्यामागे आहे. त्या पायावर धातूची चमक आणणं म्हणजे दुसऱ्याच कुणाचा पाय लावणं.

उजवा की डावा, गुडघ्याखालचा की वरचा, उरलेला पाय ज्यात बसतो त्या कप्प्याची कड कपड्याखाली कुठे येते, हे पहिल्या पायरीतल्या यादीत लिहा. पादत्राणं बदलू नका. कृत्रिम पाऊल ठरावीक टाचेच्या उंचीसाठी जुळवलेलं असतं. रोज सपाट चप्पल घालणाऱ्या बाईच्या पायात यंत्राने उंच टाचेची सँडल घातली, तर ती उभी राहणार नाही अशा स्थितीत उभी दिसते.

10. ज्यांचा फोटो, त्यांना साधन दाखवून विचारा

पूर्ण पोस्टर पाठवून 'कसं वाटलं?' विचारलं की 'छान झालंय गं' असं उत्तर येतं. आपली मेहनत पाहून माणसं संकोचतात. म्हणून साधनाचा तुकडा मोठा करून, शेजारी मूळ फोटोतला तोच तुकडा ठेवून पाठवा आणि नेमकं विचारा: कडी बरोबर आहे का? काही जास्तीचं आलंय का? हात रोज जिथे असतो तिथेच आहे ना? ताईंनी दोन्ही तुकडे पाहिले आणि लिहिलं, "चाक माझंच आहे. पण उशी कुठे गेली?" मांडीखालची गडद उशी मी उजेड जुळवताना इतकी काळी केली होती की ती चौकटीत मिसळून गेली होती. Curves थोडा मागे घेतला, उशीची कड परत दिसली.

पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात 'पार्श्वभूमी एआयच्या मदतीने' अशी ओळ टाका. बारीक चालेल, पण वाचता येईल एवढी.

11. फ्लेक्सवाल्याकडे पाठवताना

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की दाबली जाते आणि बारीक स्पोक आणि तारा सगळ्यात आधी जातात.

आणि ऑपरेटरला फोन करून सांगा: माप कमी-जास्त असेल तर मला विचारा, चित्र ओढू नका. दहा बाय सहाच्या फ्रेममध्ये दहा बाय सातचं चित्र बसवताना ते सरळ एका बाजूने ओढलं जातं. चेहरा जरा रुंद झाला तर कुणी बोलत नाही, पण चाक अंडाकृती होतं. त्याच्याकडून छपाईआधीचा प्रूफ मागवा आणि चाकाची उंची-रुंदी मोजून आपल्या फाइलशी ताडून पाहा. दोन्हींचं गुणोत्तर सारखं आलं तरच छापायला सांगा.